आपली कार आणि माझा दहाचाकी

प्रिय बाळा,
परवा नवले पुलाच्या उतारावर तू विचारलंस, दहा चाकं असून ट्रक कारसारखा चटकन का थांबत नाही?

कार भरून सव्वा टन, माझी गाडी मालासकट अठ्ठावीस टन. वेग सारखाच असला तरी माझ्या ब्रेकला बावीसपट जोर जिरवावा लागतो, आणि तो सगळा उष्णता होऊन ड्रममध्ये साठतो. कारचा ब्रेक तेलावर चालतो, पाय पडताच धरतो. माझा हवेवर, हवा मागच्या चाकांपर्यंत पोचायला अर्धा सेकंद जातो. ताशी ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक लागण्याआधीच.

नव्या कात्रज बोगद्यापासूनचा उतार तर लांबलचक. कारवाल्याला तिथे अधूनमधून ब्रेक दाबला की पुरतं. मी तसंच करत राहिलो तर लायनर तापतात, जळका वास येतो, पाय दाबूनही पकड लागत नाही. म्हणून मी उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकतो, इंजिनच गाडी रोखून धरतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे मला बघवत नाहीत.

माझ्यापुढे मोकळी जागा दिसली की कारवाले तिथे घुसतात. तू घुसू नकोस, राजा. ती माझी थांबायची जागा असते.

तुझे बाबा