तिघांचेही ४५० पॉइंट

उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलात मी मेंटेनन्स बघतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे बीएमएस बसवायचं ठरलं, म्हणजे एसीचं पाणी थंड करणारे चिलर, पंप, आत थंड हवा सोडणारे एएचयू, जनरेटर, पाण्याच्या टाक्या हे सगळं एका स्क्रीनवर दिसेल आणि तिथूनच चालू-बंद करता येईल अशी यंत्रणा. तीन ऑफर आल्या. त्यांचा तुलनात्मक अहवाल मी तयार केला, सही माझी होती. त्या अहवालातल्या एका रकान्यात मी फसलो. कोणत्या ते सांगतो, कारण ही चाल अजूनही चालू आहे.

बीएमएसचं मोजमाप ‘पॉइंट’मध्ये होतं. हवेच्या तापमानाचा सेन्सर लावला, एक पॉइंट. व्हॉल्व्हला उघड-बंद करण्याचा सिग्नल दिला, आणखी एक पॉइंट. यातले काही हार्ड पॉइंट असतात, म्हणजे जागेवर खरोखर उपकरण बसतं, तिथून बीएमएसच्या कंट्रोलरच्या, म्हणजे डीडीसीच्या, पॅनेलपर्यंत वायर येते. बाकीचे सॉफ्ट पॉइंट: चिलर किंवा मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी यांच्या स्वतःच्या कंट्रोलरकडे जी माहिती आधीच असते, ती मॉडबस किंवा बॅकनेट या यंत्रांच्या आपसातल्या भाषेत एकाच केबलवरून वाचून घ्यायची. सॉफ्ट पॉइंट वाढवायला कंपनीला जवळजवळ काही खर्च येत नाही. हार्ड पॉइंटला सेन्सर, वायर, कॉन्ड्युट, मजुरी सगळं येतं.

आमच्या टेंडरमध्ये मी लिहिलं होतं: एकूण ४५० पॉइंट. हार्ड किती, सॉफ्ट किती, हे वेगळं मागितलं नाही. चूक इथेच झाली आणि ती माझी.

तिघांना अ, ब, क म्हणू. अ ची किंमत ६० लाख, ब ची ५५ लाख, क ची ४५ लाख. आमची पद्धत अशी होती की तांत्रिक गुणांना ७० टक्के वजन आणि किमतीला ३०. सर्वांत कमी किमतीला १०० गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे अ ला ७५, ब ला साधारण ८२ आणि क ला पूर्ण १००. तांत्रिक १०० गुणांपैकी २५ गुण पॉइंटची संख्या आणि सिस्टीमची मांडणी यांसाठी होते. त्या रकान्यात तिघांसमोर आकडा एकच: ४५०, ४५०, ४५०. मी क ला तिथे २४ गुण दिले. त्याचे तांत्रिक गुण झाले ८२, अ चे ८८, ब चे ८०.

एकत्र बेरीज: अ ८४.१, ब ८०.५, क ८७.४. ऑर्डर क ला गेली. मालक खूष, कारण १५ लाख वाचले. मीही खूष होतो, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात बँक्वेट हॉलमध्ये एका लग्नाचं रिसेप्शन होतं. साडेआठच्या सुमारास पाहुणे घामाघूम. कंट्रोल रूममध्ये जाऊन बघतो तर त्या हॉलचा एएचयू हिरवा, फॅन चालू, व्हॉल्व्ह ९० टक्के उघडा. सगळं ठीक. तेवढ्यात आमच्या एसी टेक्निशियनचा वरून फोन: ‘सर, बेल्ट तुटलो! मोटर घुंवता, फॅन ना.’

झालं असं की स्क्रीनवरचा ‘फॅन चालू’ हा संकेत व्हीएफडीकडून येत होता. व्हीएफडीला मोटर फिरतेय एवढंच कळतं. बेल्ट तुटला तर मोटर मोकळी फिरत राहते आणि व्हीएफडी इमानदारीने ‘चालू’ म्हणत राहतो. खरी हवा वाहतेय की नाही हे कळायला फॅनच्या दोन्ही बाजूंना हवेच्या दाबातला फरक बघणारा डीपी स्विच लागतो. आमच्या टेंडरच्या वर्णनात तो होता. जागेवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी क ने दिलेली पॉइंट लिस्ट काढून बसलो. ऑफरसोबत ती स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात आली होती, तब्बल ४० पानं, एक्सेल फाइल नाही. अ आणि ब ने एक्सेल दिली होती. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. स्कॅनमधल्या आकड्यांची बेरीज कोण करत बसतो? त्यांचा भरवसा नेमका त्यावरच असावा.

एका एएचयूचं उदाहरण पुरे. आमच्या वर्णनानुसार प्रत्येकाला १२ पॉइंट. क च्या यादीतही १२. पण आमच्या १२ मधले चार त्याने गाळले होते: परतीच्या हवेच्या आर्द्रतेचा सेन्सर, व्हॉल्व्ह खरोखर किती उघडला याचा फीडबॅक, फॅनचा डीपी स्विच आणि फिल्टर तुंबल्याचं सांगणारा डीपी स्विच. त्यांच्या जागी व्हीएफडीतून वाचलेले चार आकडे घातले होते: मोटरचा करंट, व्होल्टेज, व्हीएफडीच्या आतला डीसी व्होल्टेज आणि त्याच्या हीटसिंकचं तापमान. बारा ते बाराच. हीटसिंकचं तापमान बघून मी कोणत्या पाहुण्याला थंड करणार होतो, देव जाणे.

असे १४ एएचयू, म्हणजे ५६ पॉइंट. चिलर प्लँटमध्ये याच पद्धतीने आणखी २४. एकूण ८० हार्ड पॉइंट गायब आणि बेरीज मात्र ४५०. हे कळलं असतं तर त्या रकान्यात मी २४ नाही, फार तर १६ गुण दिले असते. क चे तांत्रिक गुण ७४ वर आले असते, एकूण ८१.८, आणि ऑर्डर अ ला गेली असती. खरं तर ८२ चे ७७ झाले असते तरी तो हरला असता. पाच गुणांचा खेळ होता.

स्क्रीनवर मात्र चारही गाळलेल्या गोष्टी दिसत होत्या! फिल्टरसमोर कायम हिरवा दिवा, व्हॉल्व्हसमोर टक्के. मी टेक्निशियनला सांगितलं, फिल्टरवर पुठ्ठा लाव. पाऊण फिल्टर झाकला, दिवा हिरवाच. तो पॉइंट सॉफ्टवेअरमध्ये कायमचा शून्य करून ठेवला होता. व्हॉल्व्हच्या अॅक्च्युएटरची वायर काढली, स्क्रीनवर ९० टक्केच. तिथे व्हॉल्व्हला दिलेला आदेशच व्हॉल्व्हची स्थिती म्हणून दाखवला जात होता. अॅक्च्युएटर अडकला, जळाला, कोणी पळवून नेला तरी स्क्रीनवर ९० टक्केच. हॅण्डओव्हरच्या वेळी ही पुठ्ठ्याची चाचणी प्रत्येक एएचयूवर दहा मिनिटांत झाली असती. आम्ही स्क्रीनसमोर बसून चहा घेतला आणि सही केली.

क ला बोलावलं. त्यांच्या माणसाने शांतपणे वर्क ऑर्डर पुढे ठेवली. त्यात आमच्याच अकाउंट्सने लिहिलं होतं, ‘आपल्या ऑफरप्रमाणे काम करावे’. आणि ऑफरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात वाक्य होतं की कामाची व्याप्ती सोबतच्या पॉइंट लिस्टप्रमाणे राहील. टेंडरचं वर्णन आणि ऑफर यांत फरक असल्यास टेंडर वरचढ, ही एक ओळ ऑर्डरमध्ये नव्हती. त्या एका ओळीपायी आमचा वाद तिथेच संपला. कम्प्लायन्स शीटवर प्रत्येक कलमासमोर त्यांनी ‘मान्य’ लिहिलं होतं, तेही मी दाखवलं. ते म्हणाले, ‘साहेब, ४५० मान्य होते, ४५० दिले.’

गाळलेले ८० पॉइंट लावायचा त्यांचा दर पॉइंटला ११,००० रुपये, म्हणजे ८ लाख ८० हजार. वर आणखी एक गोष्ट निघाली. सॉफ्टवेअरचं लायसन्स ५०० पॉइंटचं होतं. ४५० मध्ये ८० घातले की ५३०, म्हणजे पुढचा स्लॅब, साडेतीन लाख. मी म्हटलं, ते हीटसिंकवाले ८० निरुपयोगी पॉइंट काढून टाका, लायसन्स पुरेल. त्यावर त्यांनी नव्याने प्रोग्रॅमिंगचं जे कोटेशन दिलं, ते जवळपास तेवढंच होतं. दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावं म्हटलं तर प्रोग्रॅमिंगचं टूल आणि पासवर्ड त्यांच्याकडे. ते हॅण्डओव्हरमध्ये मिळालं पाहिजे असं टेंडरमध्ये मीच लिहिलं नव्हतं.

शेवटी पॉइंट आणि लायसन्स दोन्ही घेतलं. ४५ लाखांचं काम ५७ लाख ३० हजारांवर गेलं, म्हणजे ब च्या किमतीच्या वर. मग वॉरंटीचं वर्ष संपलं. अ आणि ब ने पुढच्या चार वर्षांच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, दर ऑफरमध्येच दिला होता, वर्षाला अडीच लाख. क ने लिहिलं होतं ‘त्या वेळी ठरवू’, आणि मी किमतीच्या तुलनेत एएमसी धरलीच नव्हती. त्यांनी साडेपाच लाख मागितले. पाच वर्षांचा हिशोब करा: ब ६५ लाख, अ ७० लाख, क ७९ लाखांच्या पुढे. सर्वांत स्वस्त म्हणून घेतलेला सर्वांत महाग.

आता नवीन टेंडर करताना मी प्रत्येक यंत्राची रिकामी यादी स्वतः देतो. एकेक पॉइंट एका ओळीत, समोर फक्त मेक, मॉडेल आणि दर भरायचा. ओळ बदलायची मुभा नाही, सॉफ्ट पॉइंट वेगळ्या पानावर, त्यांना गुण नाहीत. एएमसी किमतीच्या तुलनेत धरायची. आणि शेवटचे १० टक्के पैसे प्रत्येक पॉइंट जागेवर हलवून, झाकून, वायर काढून तपासल्यावरच.

गेल्या महिन्यात पर्वरीला एका ऑफिस इमारतीचं काम बघणाऱ्या ओळखीच्या इंजिनीअरचा फोन आला. तीन ऑफर आहेत, एक बरीच खाली आहे, पॉइंट तिघांचे सारखे. मी विचारलं, ‘यादी एक्सेलमध्ये आहे की स्कॅन?’ म्हणाला, स्कॅन. म्हटलं, ‘त्यातले डीपी स्विच मोज, मग बोलू.’

वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. एकही नव्हता.