वागळे इस्टेट की अंधेरी?

माझी मावसबहीण ठाण्यात लोकमान्य नगरला राहते. मुलगा सहा वर्षांचा, सांभाळणारी ती एकटीच. हातात अकाउंट्सच्या दोन नोकऱ्या होत्या: वागळे इस्टेटमध्ये हातात 18,500, अंधेरीत 26,000. फरक 7,500 चा. कुणीही अंधेरीच म्हणेल.

आम्ही वहीत हिशोब मांडला. घाटकोपरला उतरून मेट्रो, दोन्हीकडे रिक्षा: महिना 2,500. पाळणाघर साडेसहाऐवजी साडेआठपर्यंत, म्हणून 2,000 जादा. तिसरी गोष्ट ती विसरली होती. वागळेचा पगार कपातीआधी 20,500, म्हणजे 21,000 च्या आत. तिथे ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा लागू, मायलेकांचे उपचार त्यात. अंधेरीला 28,000, तिथे ते नाही. पॉलिसी स्वतःची, महिना साधारण 1,000. उरले 2,000, आणि त्यासाठी रोज तीन तास जास्त. शिवाय पावसात गाडी अडकली, तर पोराला आणणार कोण?

तरी अंधेरी लगेच खोडू नये. वागळेत नुसती बिलं चढवायची असतील, तर दोन वर्षांनीही ती तिथेच असेल. म्हणून वागळेच्या मुलाखतीत तिने विचारलं, ‘जीएसटी रिटर्न कोण भरतं?’ ‘बाहेरचे सीए, पण तयारी इथेच, तुम्हीच करायची.’

तिने वागळे घेतलं. मीही तेच सुचवलं असतं, पण हे उत्तर ऐकल्यावरच.