अभिषेकाचे ६,२०० रुपये घेतले, आणि देवी निद्रेत होती!

आई-अण्णांना घेऊन गाडीनं वेरूळ, औंढा, परळी, तुळजापूर करणार असाल, तर 'दर्शन, अभिषेक, मुक्काम सगळं आमच्याकडं' म्हणणाऱ्याला आगाऊ एक रुपया देऊ नका. मी १९,४०० दिले. गाडीचे ९,०००, मुक्कामाचे ४,२००, तुळजापूरच्या अभिषेकाचे ६,२००. गाडी तेवढी खरी आली.

त्यानं वेरूळ ते परळी, औंढ्यामार्गे, एकाच दिवसात आखलं होतं. तीनशे किलोमीटरच्या वर! अण्णांना शुगर आहे, एकला जेवण लागतं. औंढ्यातच संध्याकाळ झाली. तिथं गाभाऱ्यापर्यंत व्हीलचेअर नेऊ, असा त्यानं शब्द दिला होता. औंढ्याचा गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं. व्हीलचेअर जाणार कुठून? आईनं वरूनच हात जोडले. रात्री परळीत आमच्या नावाची खोलीच नव्हती. लॉजला २,६०० मोजले. म्हाताऱ्या माणसांबरोबर असाल तर औंढ्याहून परभणीला मुक्काम करा आणि परळी सकाळी घ्या.

खरा घाव तुळजापूरला बसला. आईचा नवस होता, देवीला पंचामृत अभिषेक आणि ओटी. काउंटरवरच्या माणसानं पावती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "काका, ही आमची नाही. आणि देवी निद्रेत आहे, आता पंचामृत अभिषेक कुठला?" पावतीवर भाद्रपद वद्य दशमी छापलेली होती. वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत देवी पलंगावर असते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. ती तिथी आठ दिवस माझ्या खिशात होती! पण शिक्का होता, मंदिराचं चित्र होतं, आणि पितृपक्षात गर्दी कमी म्हणून मीच त्या तारखा मागितल्या होत्या. जाणकार म्हणवणाऱ्यानं तेव्हाच 'त्या दिवसांत होत नाही' म्हणायला नको? पंचांग उघडून बघा, पावतीवरची तिथी आधी वाचा. अभिषेकाचे पैसे फक्त मंदिराच्या काउंटरवर भरा.

आईनं ओटी भरली. नवस राहिला.

आता पोलिसांचं ऐका. तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडं जा. गावातल्या ठाण्यात म्हणाले, फसवणूक तुळजापुरात उघडी पडली, तिकडं जा. मग, "गाडी तर आली ना? हा दिवाणी मामला आहे." खोटी पावती हातात असताना दिवाणी? गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्याला झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, हे मी सांगितल्यावर साहेब जेवायला गेले. दोन तास बाकावर बसवलं, अण्णांसकट. शेवटी साधा अर्ज घेतला, पोचसुद्धा मागून घ्यावी लागली.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लगेच करा, घरी पोचायची वाट बघू नका. मी उशिरा केला, कारण आई गाडीत रडत होती. तोवर त्याच्या खात्यातून पैसे निघाले होते. त्याचा फोन आजही लागतो, आणि तो नवरात्राचं बुकिंग घेतोय.