आठ महिने वजनकाटा आणि कॅलरी अ‍ॅप वापरल्यानंतर: कोंबडीची हाडं, बांगड्याचे काटे आणि माझी चुकलेली बेरीज

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा बंद पडला. कोलंबी धुतलेलं पाणी बटणांच्या फटीतून आत गेलं आणि आकडे नाचायला लागले. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी उघडूनसुद्धा न पाहता सांगितलं की पाणी गेलं असेल तर वॉरंटी नाही. स्वयंपाकघरात वापरायची म्हणून विकलेली वस्तू पाण्याचे चार थेंब सोसत नाही, याचा मला अजून राग आहे. तरी मी तसलाच दुसरा मागवला, कारण त्याच्याशिवाय आता आमच्याकडचा रविवार होत नाही. का, ते सविस्तर लिहिते.

दिवाळीनंतर ह्यांना डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि रोज साधारण ७० ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगितलं. म्हणून पाच किलोपर्यंतचा, एका ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा घेतला आणि फोनवर कॅलरी मोजायचं एक अ‍ॅप टाकलं. पोळी, भात, वरण यांत काहीच अडचण आली नाही. गोंधळ झाला तो कोंबडी आणि मासळीत, आणि तो माझ्या लक्षात यायला तीन महिने गेले.

मी करत होते ते असं. दुकानातून एक किलो स्किनलेस करी कट आणायचं, चौघांत वाटायचं आणि ह्यांच्या नावावर २५० ग्रॅम चिकन लिहायचं. अ‍ॅपमध्ये सगळ्यात वर जी नोंद यायची ती शिजवलेल्या, बिनहाडाच्या छातीच्या मांसाची: १०० ग्रॅमला १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे एका जेवणात ४१२ कॅलरी आणि ७७ ग्रॅम प्रथिनं. दिवसाचा कोटा एकाच वेळी पुरा झाला म्हणून रात्री मी ह्यांना नुसतं सूप आणि भाकरी द्यायची. रविवारी रात्री ह्यांना भूक लागायची आणि मी म्हणायची, आज तर भरपूर खाल्लंय तुम्ही.

फेब्रुवारीत एकदा ताटं उचलताना हाडांची वाटी हाताला जड लागली. सहज काट्यावर ठेवली. मग चौघांची हाडं गोळा केली, रस्सा धुऊन काढला, फडक्याने टिपली आणि वजन केलं: २९० ग्रॅम. एक किलोतले २९० ग्रॅम कुणाच्याच पोटात गेले नव्हते. पुढच्या दोन रविवारी पुन्हा पाहिलं, आकडा २८० ते ३१० च्या आतच राहिला.

आता तीच बेरीज नीट मांडते. किलोतून २९० वजा केले की ७१० ग्रॅम मांस उरतं. चौघांत वाटलं तर एकाला १७८ ग्रॅम, तेही कच्च्या वजनाने. बिनकातड्याच्या, सगळ्या भागांच्या मिश्र कच्च्या मांसात १०० ग्रॅमला साधारण १२० कॅलरी आणि २१ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे ह्यांच्या वाट्याला २१० च्या आसपास कॅलरी आणि ३७-३८ ग्रॅम प्रथिनं. मी लिहीत होते त्याच्या निम्मीच! यात चुका दोन होत्या आणि दोन्ही एकाच बाजूला ओढत होत्या. हाड मांसात धरलं ही पहिली. कच्च्या वजनाला शिजलेल्या मांसाचा आकडा लावला ही दुसरी. शिजताना मांसातलं पाणी निघून जातं, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये कॅलरी आणि प्रथिनं दोन्ही जास्त भरतात.

तेव्हा मी ठरवून टाकलं की सरसकट ३० टक्के वजा करायचे आणि विषय संपवायचा. ह्या परीक्षणाचा पहिला खर्डा तेव्हाच लिहिला होता आणि त्यात हेच ठामपणे सांगितलं होतं. ते आता मागे घेते. सगळ्या पातेल्याला ३० टक्के बरोबर आहे, पण एका ताटाला नाही. पंखात जवळजवळ निम्मं हाड असतं. मानेच्या आणि पाठीच्या तुकड्यांवर मांस नावालाच. छातीच्या तुकड्यात मात्र हाड थोडं. आमच्याकडे सासूबाईंना मान आणि पंख आवडतात, मुलगा छातीचे तुकडे वेचून घेतो, आणि ह्यांच्या ताटात लेगपीस पडतो. मी एक कच्चा लेगपीस सोलून पाहिला: ११० ग्रॅममध्ये ३४ ग्रॅम हाड. चौघांना सारखा वाटा धरणं म्हणजे मुलाच्या ताटातलं मांस सासूबाईंच्या नावावर लिहिणं.

म्हणून आता मी ताटातच मोजते. रश्श्यातले तुकडे झाऱ्याने निथळून ताटलीत घ्यायचे, वजन लिहायचं, जेवण झालं की त्याच ताटलीतल्या हाडांचं वजन वजा करायचं. एका रविवारी ह्यांचे तुकडे १८८ ग्रॅम भरले, हाडं ६६, म्हणजे शिजलेलं मांस १२२ ग्रॅम. रश्श्यात शिजलेल्या मांसाला १०० ग्रॅममागे १७७ कॅलरी आणि २७ ग्रॅम प्रथिनं धरली की होतात २१६ कॅलरी आणि ३३ ग्रॅम प्रथिनं. दोन्ही रीतींनी कॅलरी जवळपास सारख्याच आल्या. प्रथिनं पहिल्या रीतीने थोडी जास्त दिसतात. शिवाय शिजताना हाडंही हलकी होतात आणि त्यांचं हलकं वजन कच्च्या मालातून वजा केलं की मांस फुगलेलं दिसतं. एवढंच पाळायचं की कच्च्यातून कच्चं वजा करायचं आणि शिजलेल्यातून शिजलेलं, आणि नोंदही त्याच अवस्थेची निवडायची. तेल आणि खोबऱ्याचं वाटण वेगळं लिहायचं, ते मांसाच्या आकड्यात नसतं.

इथेच ह्या काट्याचा तो दोष येतो, ज्याने मला आठ महिने छळलं. दोन मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो आणि ताटलीचं वजा केलेलं वजन विसरतो. जेवायला वीस मिनिटं लागतात. हाडं घेऊन परत यावं तर ताटलीसकट वजन दाखवतो. कंपनीला हे दोनदा लिहून कळवलं, बॅटरी वाचवण्यासाठी तशी सोय आहे असं उत्तर आलं. बॅटरी कितीची, आणि माझा हिशेब कितीचा! शेवटी चारही ताटल्या कोऱ्या वजन करून खाली पक्क्या शाईच्या पेनाने आकडा लिहिला. ह्यांच्या ताटलीवर ३१२ लिहिलंय. शाई दर महिन्याला पुन्हा गिरवावी लागते.

काटा बरोबर दाखवतोय का हे मी दहा रुपयांच्या नाण्यांनी पाहते. पितळी कडेचं एक नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, दहा ठेवली की ७७ दिसायला हवेत. बिघडलेला काटा ९१ दाखवत होता.

कातड्याचं थोडं वेगळं आहे. कच्च्या कातड्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, बहुतेक चरबीच्या. कातड्यासकट कच्च्या कोंबडीला १०० ग्रॅममागे २१५ धरतात, बिनकातड्याच्या मांसाला १२०. भाजलेल्या तुकड्यावरचं कातडं खाताना काढून टाकलं तर ती चरबी बहुतेक त्याच्याबरोबर जाते. रश्श्यात तसं होत नाही. सासूबाईंच्या आग्रहाने कातड्यासकट गावठी कोंबडी केली, ह्यांनी कातडं ताटात बाजूला ठेवलं आणि मी ते वजन करून वजा केलं. चूक होती. चरबी आधीच वितळून रश्श्यावर तवंग होऊन बसली होती, आणि तो रस्सा ह्यांनी भाकरीबरोबर संपवला. आता असा रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते आणि वर गोठलेला थर चमच्याने काढते. मागच्या खेपेला ४० ग्रॅम निघाला. त्यात फोडणीचं तेलही होतं, पण ग्रॅमला ९ कॅलरीने ते ३५० च्या आसपास गेले.

मासळीत साफ करण्याआधीचं वजन हाच मुख्य घोटाळा. कोळीण अख्खा मासा तोलते आणि मग साफ करते. चार बांगडे ६२० ग्रॅम होते, डोकी आणि पोट काढून घरी ४३० आले, आणि जेवल्यावर काटे निघाले ६२ ग्रॅम. खाल्लं गेलं ते ३६८, म्हणजे तोललेल्याच्या साठ टक्के. शिवाय अ‍ॅपमधला ‘मॅकरेल’ बहुधा अटलांटिकमधला असतो, १०० ग्रॅमला २०५ कॅलरीचा. आपला बांगडा ही वेगळी जात, आणि त्याची चरबी मोसमाप्रमाणे बदलते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आपल्या मासळीसाठी जास्त जवळचे. त्यातले आकडेही खाण्याजोग्या १०० ग्रॅमचेच आहेत, फक्त ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. ४.१८४ ने भागलं नाही तर बांगडा चौपटीहून जड वाटेल.

सुरमईच्या तुकडीत मधलं हाड तेवढं जातं, कातडं आम्ही खातो, त्यामुळे वजाबाकी किरकोळ. मांदेली डोकं काढून तळली की काट्यांसकट पोटात जातात, तिथे काहीच वजा करायचं नाही. कोलंबी अर्धा किलो आणली, डोकं आणि साल काढून २६० ग्रॅम उरली. आणि तिसऱ्या! एक किलो तिसऱ्या उकडल्या, शिंपल्यांतून सगळा गर काढला, १३० ग्रॅम भरला. बाकी सगळं शिंपल्या आणि आतलं पाणी. कुणी अ‍ॅपमध्ये ‘तिसऱ्या, २५० ग्रॅम’ लिहीत असेल तर त्याने खरं तर तीस-पस्तीस ग्रॅम खाल्लंय.

ह्या वजाबाकीने माझा बाजारही बदलला. आमच्याकडे स्किनलेस २६० रुपये किलो आहे. ७१० ग्रॅम मांस मिळतं म्हटल्यावर खाण्याजोगं किलो ३६६ ला पडतं. बोनलेस ३८० ला मिळतं. इतके दिवस मी बोनलेसला महाग म्हणून हात लावत नव्हते. रश्श्याला हाड हवंच, पण आठवड्यातल्या सुक्यासाठी आता बोनलेस आणते, आणि त्या दिवशी ताटलीवरचा आकडा शोधावा लागत नाही.

काट्याला पाचपैकी तीन, अ‍ॅपला दोन. अ‍ॅपमध्ये हाड वजा करायची सोय नाही. त्यातल्या त्यात ‘माझी पाककृती’मध्ये हाडाविना वजन घालून स्वतःची नोंद करता येते, म्हणून दोन. ह्यांच्या प्रथिनांचा आकडा मार्चपासून खरा लिहिला जातोय आणि रविवारी रात्री आता दोन अंडी असतात.

खेकड्यांचं अजून जमलेलं नाही. नांग्यांत आणि पायांत मांस अडकून राहतं, कवचं ओली असतात, त्यामुळे उरलेलं वजा करून आकडा भरवशाचा येत नाही. सध्या चारातला एक कुर्ला उकडून सगळं मांस कोरून काढते, तेवढंच तोलते आणि चाराने गुणते.