ट्रिस बफर थंडीतच जुळवा: सात महिन्यांचा अनुभव

आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये कोल्ड रूम 4 अंशांवर चालते, पण बफर बनतो बाहेरच्या ओट्यावर. मे महिन्यात दुपारी तिथे 36 अंश असतात, डिसेंबरात 22. बाटलीवर मात्र बाराही महिने एकच: 20 मिलिमोलर ट्रिस, पीएच 8.0. माझं प्रोटीन आयन-एक्स्चेंज कॉलममधून हिवाळ्यात 150 मिलिमोलर मिठाला उतरायचं, मे महिन्यात 220 ला. कॉलम बदलला, पंप तपासला, फरक शून्य.

शेवटी आमच्या सीनियर ताईंनी बाटली कोल्ड रूममध्ये नेऊन मोजली. पीएच भरला 8.9!

ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण 0.028 ने सरकतो, तापमान उतरलं की वर. 36 वरून 4 म्हणजे 32 अंश, म्हणजे जवळपास 0.9. हिवाळ्यातली बाटली तेवढीच थंड झाली तर 0.5 चढून 8.5 ला थांबते. पीएच वाढला की प्रोटीनवरचा ऋण भार वाढतो, ते कॉलमला घट्ट धरून बसतं आणि सुटायला जास्त मीठ मागतं. माझी कोडी त्या एका आकड्याने सुटली.

मीटरला तापमानाचा प्रोब आहे, मग तो सांभाळून घेत नाही का? नाही. तो फक्त इलेक्ट्रोडचा उतार दुरुस्त करतो. द्रावणाचा पीएच त्या तापमानाला जो आहे तोच दाखवतो. मीही हे उशिरा समजलो.

आता मी मीठ वगैरे सगळं घालून, 900 मिलीपर्यंत पाणी भरून बीकर रात्रभर कोल्ड रूममध्ये ठेवतो. मीटर आणि कॅलिब्रेशनची द्रावणंही तिथेच. सकाळी 8.0 जुळवतो आणि थंड पाण्याने लिटर भरतो. थंडीत इलेक्ट्रोड आळसावतो, आकडा स्थिरावायला दोन-तीन मिनिटं द्यावीच लागतात. आम्ल घातल्यावर द्रावण थोडं तापतं, तेव्हा लगेच वाचू नका. घाईत असलो तर 25 अंशांना 7.4 जुळवतो, थंड झाल्यावर ते 8.0 च्या आसपास येतं, पण तरीही एकदा तपासतो.

एक मोलरचा साठा पातळ करून वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावं: दहापट पातळ केलं की पीएच साधारण 0.1 ने उतरतो. म्हणून साठ्याचा आकडा खरा मानू नये, वापरायचा बफरच मोजावा.

4 अंशांना पीएच 7.5 हवा असेल तर मात्र ट्रिस नकोच. त्या तापमानाला त्याचा पीकेए 8.6 च्या वर जातो, जोर उरत नाही. तिथे मी हेपेस घेतो.

लेबलवर आता पीएचशेजारी तापमान लिहितो.