मूळव्याधीची स्टिरॉइडवाली ट्यूब, काही महिने वापरल्यानंतर

सुरुवातीला लिहिला असता तर चार स्टारचा रिव्ह्यू झाला असता. आता दोन देतोय, आणि तेही लिग्नोकेनकडे बघून.

ट्यूब कुठली ते सांगत बसत नाही, कारण मेडिकलमध्ये हळू आवाजात 'मूळव्याधीचं मलम' म्हटलं की जी हातात येते तीच, कंपनी कुठली का असेना. आत साधारण तोच माल असतो, बधिर करणारं लिग्नोकेन, एक स्टिरॉइड, कशात शिरा आवळणारं फेनिलएफ्रिन तर कशात झिंक ऑक्साइड. सोबत भोकाभोकांची प्लास्टिकची नळी येते, आत मलम सोडायला.

पहिल्या आठवड्यात मस्त वाटलं, खोटं का बोलू. सकाळी संडासहून आल्यावर वाटाण्याएवढं मलम लावलं की पाच-दहा मिनिटांत आग थांबायची आणि ऑफिसच्या खुर्चीत सरळ बसता यायचं. पण हा सगळा लिग्नोकेनचा खेळ, तास-दीड तासात उतरतो. तोही बाहेरच्या कातडीवर चालतो. आतले कोंब जिथे असतात तिथल्या अस्तराला दुखणं कळतच नाही, म्हणून आतल्या मूळव्याधीत लालभडक रक्त पडतं पण दुखत नाही. म्हणजे नळीने आत मलम सोडून ते बधिर करायचं तर काय बधिर करायचं? हे मला मेडिकलवाल्याने नाही सांगितलं, नंतर सर्जननी सांगितलं.

आता माझा मुख्य राग. ट्यूबवर आत काय आहे ते मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलंय, आणि छापलंय कुठे, तर खालच्या टोकाला. मी काटकसरी माणूस, ट्यूब खालून गुंडाळत आणतो, शेवटचा थेंब निघेपर्यंत सोडत नाही. पाव ट्यूब संपली की स्टिरॉइडचं नाव घडीत गेलं, वर राहिलं ब्रँडचं नाव आणि पान-फुलाचं चित्र. खोका पहिल्याच दिवशी कचऱ्यात, त्यातलं बारीक अक्षरांचं पत्रकही त्याच्यासोबत. तेव्हा नवी ट्यूब आणली की आधी खालचं टोक वाचा, हायड्रोकॉर्टिझोन, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, असं शेवटी 'सोन' किंवा 'झोन' असलेलं काही दिसलं की ती स्टिरॉइडवाली. मोबाईलने फोटो काढून ठेवा, मोठा करून वाचता येतो.

आणि ही ट्यूब सलग आठवड्याच्या वर डॉक्टरला न विचारता लावायची नसते. मला मेडिकलमध्ये कोणी कधी विचारलं नाही, चिठ्ठीही मागितली नाही, दर वेळी हसून नवी ट्यूब. 2018 साली सरकारने बरीच स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, तो नियम आमच्या गल्लीपर्यंत पोचायचा आहे बहुतेक.

नंतर मत बदललं ते खाजेमुळे. आग आणि रक्त कमी झालेलं, पण ट्यूब संपली आणि दोन-तीन दिवस मध्ये गेले की गुदद्वाराभोवती अशी खाज सुटायची की रात्री झोपमोड. परत लावलं की तासाभरात शांत, आणि मग साहजिकच वाटतं मूळव्याध उलटली. स्टिरॉइड सूज आणि खाज दाबतं, खरंच दाबतं. पण कोंबाला ते लहान करत नाही, कोंब म्हणजे सैल पडून खाली सरकलेली रक्तवाहिन्यांची गादी, तिला मलमाने परत वर कोण नेणार. तिथली कातडी मुळात पातळ, दिवसभर घामाने ओली आणि दोन्ही बाजूंनी मिटलेली, त्यामुळे हातावर लावलेल्यापेक्षा तिथे औषध जास्त मुरतं. महिनोनमहिने लावलं की कातडी आणखी पातळ होते, साध्या पुसण्याने चिरते, आणि स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशीला रान मोकळं.

बायकोने धरून सर्जनकडे नेलं. त्यांनी आधी सगळ्या ट्यूबा आणायला लावल्या, मग प्रॉक्टोस्कोपने आत पाहिलं. कोंब दुसऱ्या पायरीचे, जोर केला की खाली येतात आणि आपले आपण वर जातात. बाहेरची कातडी मात्र चकचकीत लाल, कडेला धूसर वर्तुळ. त्वचावाल्यांकडे पाठवलं, तिथे ब्लेडने थोडा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि बुरशी निघाली. नायटाच, पण स्टिरॉइडमुळे नेहमीची गोल कडा पुसट झालेली, त्यामुळे नुसतं बघून ओळखू येत नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमची खाज मूळव्याधीची नाहीच, या ट्यूबेची आहे."

स्टिरॉइड बंद, बुरशीचं क्रीम लिहून दिलं तेवढे आठवडे पूर्ण, साबण बंद, नुसतं पाणी आणि टिपून कोरडं करणं. सुरुवातीचे काही दिवस खाज आधीपेक्षा जास्त होती, ते सहन करायला लागतं, तिथेच माणूस परत ट्यूब उचलतो. मग उतरली.

मग मलमं सगळी फालतू का? नाही. बाहेरचा कोंब सुजून ठणकत असेल, चार-पाच दिवस बसवत नसेल, तर लिग्नोकेन-स्टिरॉइडवाली ट्यूब कामाची आहे, आठवड्याच्या आत ठेवली तर. निळसर टणक गोळी अचानक आली आणि भयंकर दुखतंय तर मात्र मलम चोळत बसू नका, ती आत रक्त गोठलेली गाठ असते, पहिल्या बहात्तर तासांत सर्जनला दाखवलं तर ती काढायचा पर्याय असतो. आणि संडासच्या वेळी काच फिरल्यासारखं दुखून नंतर तासभर आग होत असेल तर ते बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, त्याला डिल्टियाझेमचं वेगळं जेल देतात, मूळव्याधीच्या ट्यूबने पैसे जातात. रक्त जात असेल आणि वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, किंवा रक्त काळपट असेल, वजन उतरत असेल, तर आधी तपासणी, ट्यूब नंतर. मूळव्याधच असेल असं धरून चालायचं नाही.

माझं रक्त पडणं खरं कमी झालं ते इसबगोलने. रात्री दोन चमचे, पूर्ण ग्लास पाण्यात, वर आणखी पाणी, कारण पाणी कमी पडलं की उलट घट्ट होतं. आठवडाभरात काही कळलं नाही, महिन्याने कळलं. शिवाय संडासात मोबाईल बंद, आणि आग झाली तर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं. ट्यूबेच्या पैशात इसबगोलचं पाकीट किती दिवस चालतं हे हिशोबाला बसलात तर वाईट वाटेल, म्हणून बसू नका.

आता घरात फक्त साधं झिंक ऑक्साइडचं मलम आहे, ओलेपणापासून कातडी वाचवायला, स्टिरॉइड अजिबात नाही, खोक्यावरही ठळक लिहिलंय. त्याला चार स्टार. एक कापला कारण चड्डीला पांढरा डाग पडतो आणि धुतला तरी पटकन जात नाही, जुन्या चड्ड्या त्यासाठी वेगळ्या काढा.