गोंगाटाच्या घरात डायनॅमिक की कंडेन्सर?

गुहागरच्या एका शिक्षिकेने विचारले की, पत्र्यावर पाऊस वाजत असताना आणि शेजारी मिक्सर चालू असताना धडे रेकॉर्ड करायला डायनॅमिक आणि कंडेन्सर या दोन प्रकारांपैकी कोणता माइक घ्यावा.

कंडेन्सर गोंगाट ओढतो असे म्हणतात, पण खरा फरक अंतराचा आहे. माइक चाळीस सेंटीमीटरवरून दहावर आणला, की आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो आणि पाऊस तेवढाच राहतो. डायनॅमिक इतक्या जवळून बोलणे सहज सोसतो. संवेदनशील कंडेन्सरमध्ये मात्र ‘प’, ‘फ’चे फटके लवकर उमटतात, म्हणून तो दूर सरकवला जातो आणि घर आत शिरते.

डायनॅमिकचा सिग्नल क्षीण असतो, त्याला साधारण ५०-६० डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागते; ती माइक संगणकाला जोडणारा इंटरफेस देतो. पंखा बंद करून शांतता रेकॉर्ड केल्यावर ‘सूं’ ऐकू आली, तर दोष बहुधा इंटरफेसचा समजावा.

दमट हवेत कंडेन्सर कधी चरचरतो. त्याला सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे लागते, शिवाय बहुतेक कंडेन्सरना केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठाही लागतो.

या बाईंना डायनॅमिकच योग्य. बंद, शांत खोली असेल आणि फळ्यापाशी उभे राहून शिकवायचे असेल, तर कंडेन्सर घ्यावा.